घे हवी तेवढी

"कमी करतो म्हणतात आणि कमी केल्यासारखं करतात," हेमलता ठोंबरे शालीचं टोक कानावर ओढत पुटपुटल्या. "इथं माणसाचा राग निववायचाय की माणूसच?"

शेजारच्या टेबलावर बसलेल्या श्रीरंग मोहितेला हे स्पष्ट ऐकू गेलं. एरवी तो हसत उठून एसीचं बटण दाबायचा. आज तो फोनकडे बघत बसून राहिला. ठोंबरेबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तक्रार तिथंच सोडून दिली.

कोल्हापूरबाहेरच्या त्या संवाद संशोधन केंद्रात सहा वर्षांपासून 'निववणी' घडत होती. कल्पना साधी होती. माणूस रागात निरोप लिहितो तेव्हा बोटं पडद्यावर जोरात पडतात, मनगटपट्ट्यात नाडी धावते, वाक्यं तुटतात. निववणी या खुणा ओळखून निरोप वाटेतच थांबवायची. गरम दूध निवायला ठेवावं तसा. थोड्या वेळानं विचारायची, "आता पाठवू, की पुसू?" नव्वद टक्के लोक पुसा म्हणतील, असा श्रीरंगचा अंदाज होता. यंत्रणेचा सांगाडा त्याचा. कुठलं वाक्य कधी काय सांगतं, हे शिकवण्याचं काम भाषेच्या अभ्यासक ठोंबरेबाईंचं.

सध्या दोनशे जोडप्यांवर आंधळी चाचणी चालू होती. अर्ध्या जोडप्यांचे रागातले निरोप खरोखर थांबत, उरलेल्यांचे जसेच्या तसे जात. चाचणीत 'पाठवू की पुसू' हा प्रश्न विचारला जात नसे; पाठवणाऱ्याला दोन्हीकडे 'पोचला' असंच दिसे. थांबलेले निरोप चाचणी संपेपर्यंत ठेवायचे, आणि आपण कुठल्या अर्ध्यात आहोत हे तोवर कुणालाही कळता कामा नये. निववणी फक्त लिहिलेलं अडवू शकत होती. फोनवरचं थेट बोलणं तिच्या हाताबाहेर होतं. केंद्रातल्या लोकांनीही घरच्यांसकट चाचणीत नावं दिली होती. श्रीरंगनं त्याचं आणि बायकोचं, केतकीचं, दिलं होतं. केतकी गेली दोन वर्षं वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळाच्या शेतीचं काम बघत होती.

"हेमाताई, एक विचारू? कामाचंच आहे," श्रीरंग शेवटी म्हणाला.

"कामाचं असतं तर 'विचारू का' म्हणाला नसतास. बोल."

त्यानं फोन पुढे केला. केतकीचा निरोप होता. *श्रीरंग, मला थोडी स्पेस हवी आहे.*

ठोंबरेबाईंनी तो वाचला. या एका वाक्यावर त्यांनी वर्षभर काम केलं होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं वाक्य असं हातात घेतलं की जड लागतं.

"हे भांडणानंतर आलं की भांडणाशिवाय?"

"भांडणानंतर. तिनं तिथलं काम आणखी एक वर्ष वाढवून घेतलं, आणि मला नुसतं कळवलं. माझं डोकं फिरलं. मी बरंच काही लिहिलं. त्यावर हे आलं."

"मग निम्मा जीव खाली ठेव." त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "भांडणानंतर माणूस हे म्हणतो तेव्हा त्यात एक शब्द न लिहिलेला असतो. 'आत्ता'. मला आत्ता बोलवत नाहीये. छाती धडधडत असते, कानात आवाज असतो, समोरचा काय म्हणतोय ते शिरतच नाही. त्या वेळी बोललं की दोघंही नको ते बोलून बसतात. शरीर ताळ्यावर यायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मन यायला कधी रात्र, कधी दोन दिवस. ती दार लावत नाहीये, नुसतं लोटून घेतेय. तोडायचं असतं तर स्पेस मागितली नसती."

"मग मी काय करू?"

"एकच उत्तर. 'ठीक आहे, मी आहे, सावकाश बोलू.' आणि मग खरंच गप्प. 'जेवलीस का' नाही, 'अजून रागावलीस का' नाही, फोन नाही, आईकडून निरोप नाही. मागे लागलास की ती आणखी मागे सरकणार. खरं तर मागणाऱ्यानंही कधी परत बोलू ते सांगावं, म्हणजे वाट बघणारा झुरत नाही. पण रागात कोण एवढं शहाणं असतं?"

श्रीरंगचा चेहरा सैल झाला. "आणि भांडण न होता आलं असतं तर?"

"तर मी तुला वेंगुर्ल्याची गाडी पकडायला सांगितलं असतं. कुणी काही बोललेलं नसताना हे येतं, तेव्हा ते त्या क्षणाबद्दल नसतं रे. महिनोन्‌महिने आत काहीतरी घोळलेलं असतं. दर वेळी तोडायचंच असतं असं नाही. कधी माणूस कामानं दमलेला असतो, कधी संसारात स्वतःलाच सापडेनासा होतो, आणि कधी जायचं ठरत आलेलं असतं पण तोंडातून निघत नसतं. म्हणून तेव्हा हळूच विचारायचं, कशापासून हवी? माझ्यापासून, की सगळ्यापासून? तिथं गप्प राहणं म्हणजे, तू गेलीस तरी चालेल, असं सांगणं."

"म्हणजे वाक्य तेच, आणि उत्तरं उलटी."

"अगदी उलटी. म्हणून तर वर्षभर डोकं खाल्लंय त्यानं माझं."

श्रीरंगनं त्यांच्यासमोरच उत्तर लिहिलं. *ठीक आहे. घे हवी तेवढी. मी आहे.* मग काहीसं हसून म्हणाला, "एक मात्र कळलं. मी न थांबवलेल्या अर्ध्यात आहे. माझं पोचलं नसतं तर हिचं उत्तर आलंच नसतं."

"गप्प. ते बोलायचं नाही," ठोंबरेबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

आठवडा गेला. श्रीरंगनं ठरल्याप्रमाणे एक अक्षर लिहिलं नाही. डब्यात तो भरल्या वांग्याची भाजी आणायचा आणि निम्मी बाईंना द्यायचा.

"एवढी कशाला करतोस?"

"हात वळतच नाही कमी करायला. तेच तर लिहिलं होतं तिला." तो खजील होऊन हसला. "म्हटलं, वर्ष वाढवलंस आणि मला बातमीसारखं कळवतेस? मी काय वर्गणीदार आहे का तुझा? मी अजून भाजी दोघांची करतो आणि उरलेली सकाळी खातो. राहा तिथंच शेवाळात."

ठोंबरेबाईंचा घास हातातच राहिला.

थांबवलेल्या निरोपांचा ढीग त्याच वाचत. नावं नसत, नुसती वाक्यं. हे वाक्य त्यांनी गेल्या आठवड्यात वाचलं होतं. 'शेवाळात' या शब्दावर त्या एकट्याच हसल्या होत्या, आणि शेरा लिहिला होता: राग वरवरचा, आत ओढ, पोचला असता तर बरं.

"काय झालं, तिखट आहे का?"

"थोडं," त्या म्हणाल्या.

दुपारभर त्या ढिगापुढे बसून राहिल्या. एका माणसाला जरी सांगितलं तरी चाचणीचा आंधळेपणा जाणार. दोनशे जोडप्यांचं काम, सहा वर्षांचा खर्च, महिनाअखेरीला येणारी सरकारी समिती. निववणी प्रत्येक फोनमध्ये घालायची की नाही, हे ती ठरवणार होती. केंद्राच्या संचालकांना त्यांनी आडून विचारलं, एखाद्याच्या घरावरच आलं तर? "अहो, महिनाभर कुणाचं काही होत नाही," असं म्हणून ते बैठकीला निघून गेले. ठोंबरेबाईंनी स्वतःला तेच सांगितलं. वाक्याचा अर्थ मीच त्याला सांगितला आणि मीच चुकीचा सांगितला, हे मात्र कुणालाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी श्रीरंग आला तो फोन धरूनच. "अजून रागातच आहे बघा. लिहिलंय, *रविवारी टेम्पो येईल, माझी पुस्तकं आणि शिवणयंत्र देशील का?* बरं झालं तुम्ही सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी लगेच फोन केला असता. देतो म्हणून कळवतो. उतरेल राग."

तो टाइप करू लागला. ठोंबरेबाईंनी त्याच्या फोनवर हात ठेवला.

"श्रीरंग, तुझा तो मेसेज पोचलाच नाही."

"कुठला?"

"शेवाळाचा. तो माझ्या ढिगात आहे."

श्रीरंग यंत्रं जुळवणारा माणूस होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. केतकीच्या बाजूनं तो एकेक पायरी उतरत गेला. तिनं कळवलं, वर्ष वाढवलंय. नवऱ्याकडून काहीच नाही. चिडणं नाही, विचारणं नाही. ती दिवसभर वाट बघते. मग लिहिते, स्पेस हवी आहे. आणि लगेच उत्तर येतं: घे हवी तेवढी. त्यानंतर आठवडाभर शांतता.

"म्हणजे भांडण..." तो म्हणाला.

"तू एकटाच भांडलास, बाळा. तिच्याकडे भांडण झालंच नाही."

"तुम्ही कधीपासून..."

"दोन दिवस. पुढं हवं तेवढं बोल मला. आधी तिला फोन कर. लिहू नकोस, फोन कर."

त्यानं फोन लावला. गडबडीत स्पीकरचं बटण दाबलं गेलं, आणि ठोंबरेबाईंना जागचं उठायचं सुचलं नाही.

"बोल," केतकी म्हणाली. मागे समुद्राचा वारा होता.

"केतकी, मी लिहिलं होतं. तू वर्ष वाढवलंस तेव्हा. खूप लिहिलं होतं. ते अडकलं. निववणीत."

"काहीतरीच सांगू नकोस. तसं मलाही वाटलं होतं पहिल्यांदा. म्हटलं, एवढ्यावर हा गप्प कसा, नक्की अडकलं असेल. पण मग तुझं उत्तर आलं ना. चांगलं पोचलं. थंडगार होतं."

"ते थंड होतं म्हणूनच पोचलं! गरम होतं ते राहिलं. ऐक." आणि त्यानं ते सगळं म्हणून दाखवलं, वर्गणीदार, दोघांची भाजी, शेवाळ, मधेच पुन्हा खरोखर चिडत. "विचारायचं नाही मला? मी कोण आहे तुझा?"

"आणि तू विचारलंस?" तिचाही आवाज चढला. "दोन वर्षांत एकदा तरी, केतकी, तुला तिथं का बरं वाटतं म्हणून? माझे चिडलेले मेसेज तरी आले का तुला? की तेही तुझ्या त्या पेटीत आहेत?"

श्रीरंगनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

"आहेत," तो म्हणाला.

तो खुर्चीवरून उठला.

"मी येतो आज," तो म्हणाला. "आत्ता निघतो. चार-पाच तासांत पोचेन. आपण भांडू. हवं तेवढं भांडू."

"श्रीरंग, ऐक." तिच्या आवाजातला राग गेला होता, आणि ते ऐकूनच ठोंबरेबाईंनी डोळे मिटले. "मी ते लिहिलं तेव्हा माझं काही ठरलं नव्हतं. मला वाटलं, हा विचारेल, कशापासून. विचारलं असतंस तर मी रडले असते आणि बहुतेक परत आले असते. आठ दिवस थांबले मी. मग मी ठरवलं. रागात नाही, नीट विचार करून. टेम्पो नुसता पुस्तकांसाठी नाहीये. मी परत येणार नाहीये."