थोरलीचं राहून गेलं

"थांब कुमार! पाठवू नकोस!"

रुपालीनं जवळजवळ झडप घालूनच धाकट्या भावाच्या हातातला मोबाईल काढून घेतला... आणि त्यावरचा मजकूर वाचला.

'तुमचा मुलगा मल्हार एका पायाने लंगडतो हे तुम्ही लपवलं. फोटोत खुर्चीवर बसवून आम्हाला फसवलं. आमची प्रियदर्शनी शिकलेली आहे. स्थळ मान्य नाही. पुन्हा विषय काढू नये.'

"काय खोटं लिवलंय, अक्का?" कुमार उसळला. चिंचोळीच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांशी ओरडून बोलायची सवय. घरातही त्याचा आवाज खाली येत नसे. "घरी आले तवा कळलं. फसवलं न्हाय त्यांनी आपल्याला?"

"खोटं काही नाही रे... पण हे वाचून त्या पोराच्या जिवाचं काय होईल? आणि मामाचं?"

हे स्थळ आणलं होतं सिद्धलिंगप्पामामांनी. टेंभुर्णीच्या बाजारात त्यांचं दुकान, आणि मल्हारचे वडील तात्याबा त्यांचे शेजारी. नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं आईची, चंद्रव्वांची, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि माहेरच्या माणसांतला हा एकटा भाऊच तेवढा दर महिन्याला बहिणीच्या खाटेपाशी येऊन बसायचा. हा मेसेज गेला असता तर मामांना दुकानाच्या पायरीवर तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि त्या निःशब्द माउलीचं उरलंसुरलं माहेरही तुटलं असतं! खाटेवरून चंद्रव्वा सगळं ऐकत होत्या... बोलता येत नव्हतं, म्हणून डोळेच भरून येत होते.

"मला त्याच्या पायाचं काही नाही गं अक्का," धाकटी बहीण प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "माझं मनच नाही."

मन नाही! एवढं साधं, एवढं खरं कारण... आणि तेच कुठल्याही नकारात लिहिता येत नाही.

वडील धुळाप्पा दाराशी खुर्चीत बसले होते. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "रुपा, तूच लिव बाई. गल्लीत सगळ्यांचं 'न्हाय' तूच लिवतीस की."

ते खरंच होतं. शाळेतल्या नोकरीवरून आली की रुपालीपुढं कुणी ना कुणी हजर. कुणाच्या भाचीचं, कुणाच्या पुतण्याचं. तिची रीत ठरलेली होती. नकार मेसेजवर जायचा नाही. आधी मध्यस्थाला फोन, मग वडिलांनी वडिलांना स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद, आणि त्यासोबत मुलाचा बायोडाटा आणि फोटो परत. सुरुवात त्यांच्या भेटीच्या आनंदानं करायची. 'सध्या' हा शब्द चुकूनही घालायचा नाही, नाहीतर समोरचं माणूस आशेवर बसून राहतं. कारण एकच द्यायचं, कारण दोन दिली की दोन्ही खोटी वाटतात. आणि कमीपणा घ्यायचा तो आपल्या घराकडे!

वहीचं पान समोर घेऊन ती बसली खरी, पण कारण मिळेना. शिक्षण चालू आहे म्हणावं, तर प्रियदर्शनीची पदवी झाल्याचे पेढे तात्याबांनी खाल्लेले. पत्रिका म्हणावी, तर मामांनी ती आधीच जुळवून आणलेली. नात्यात अडचण म्हणावी, तर मामाच तोंडघशी पडायचे. कुठलंही कारण घ्यावं, ते चार दिवसांत उघडं पडणार होतं... उरलं होतं एकच. रुपालीनं डोळे मिटले आणि लिहून टाकलं.

कुमारनं वाचलं, आणि तो चरकला. "अक्का! थोरलीच्या आधी धाकटीचं करायचं न्हाय म्हणून? आन उद्या प्रियाला दुसरं स्थळ आलं तर?"

"दोन वर्षं येऊ देऊ नका. मग सांगा, थोरलीनं शेवटी नकोच म्हटलं."

"लोक तुला नावं ठेवतील! धाकटीच्या वाटेत बसली म्हणतील..."

"म्हणू देत की! अडतीस वर्षांच्या बाईचं आता काय बिघडणार आहे रे?"

ती हसली. असं हसणं बघवत नाही, म्हणून प्रियदर्शनी तोंड फिरवून आत निघून गेली.

धुळाप्पांनी कागद-पेन घेतलं. वॉचमन म्हणून गेटवरच्या रजिस्टरात आयुष्यभर लिहिलेलं, त्यामुळे अक्षर सुरेख. पण आता नजर कमी झाली होती, म्हणून रुपाली सांगू लागली आणि ते लिहू लागले.

"श्री. तात्याबा यांस सप्रेम नमस्कार. आपण सर्व मंडळी आमच्या घरी आलात, फार समाधान वाटलं. चिरंजीव मल्हार गुणी आहेत. त्यांच्यात उणं काढण्यासारखं काहीही नाही..."

पेन कुरकुरत चाललं होतं.

"...परंतु माझ्या थोरल्या मुलीचं लग्न करायचं माझ्या हातून राहून गेलं आहे. तिच्या आधी धाकटीचं करणं..."

पेन थांबलं.

"आप्पा? लिहा ना."

"न्हाय लिवत."

"का? असं कारण कुणाला खोटं वाटणार नाही."

"खोटं असतं तर लिवलं असतं की गं!" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "नऊ वरसं मी सांगत आलो, माझ्या रुपाला लगीनच नको हाय म्हणून. जो इचारंल त्याला सांगितलं. शेवटी मलाबी तेच खरं वाटाय लागलं... व्हय गं, तुला खरंच नको हुतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता! काहीतरी गोड, कुणाला न दुखवणारं बोलावं म्हणून रुपालीनं शब्द शोधले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सापडले नाहीत.

"मैंदर्गीचं स्थळ आलं होतं आप्पा... शरणबसव. आई आजारी पडली त्याच महिन्यात. त्याच्या वडिलांचा फोन आला, तुम्ही म्हणालात, 'पोरगी द्यायची न्हाय,' आणि ठेवून दिलात. मी दारामागं उभी होते. त्यांना वाटलं असेल, त्यांच्या पोरातच काहीतरी खोट आहे... तेव्हापासून कुणाचंही 'नाही' मी नीट लिहून देते."

खाटेवर चंद्रव्वांच्या तोंडून एक घुसमटलेला आवाज उमटला. आपल्याच आजारपणानं लेकीचं आयुष्य खाल्लं, हे त्यांना कळत होतं आणि सांगता मात्र येत नव्हतं. डावा हात तेवढा उचलला गेला, तो रुपालीनं धरला.

"मी आत्ता फोन करतो त्याच्या बापाला," धुळाप्पा धडपडत उठले. "पाया पडतो त्याच्या..."

"शरणबसवला आता दोन मुलं आहेत, आप्पा."

ते परत खुर्चीत बसले. मग त्यांनी तात्याबांचं पत्र पुढं ओढलं, ते वाक्य मुकाट्यानं पूर्ण केलं, 'आपला स्नेह असाच राहावा' असं शेवटी लिहून सही केली. कुमारनं बायोडाटा, फोटो आणि पत्र एका पाकिटात घातलं, मोबाईलमधला तो मेसेज पुसला आणि मामांना फोन लावायला बाहेर गेला.

धुळाप्पांनी वहीचं आणखी एक पान फाडलं.

"आता कुणाला?"

"मैंदर्गीला. त्याच्या बापाला. सांग तू. नऊ वरसांमागं लिवायला पायजे हुतं, ते सांग."

रुपाली सांगू लागली. नमस्कार झाला, ख्यालीखुशाली झाली, आपला मुलगा गुणी होता, हेही झालं. मग कारणाशी येऊन ती थांबली. धुळाप्पा मात्र थांबले नाहीत. न सांगताच लिहीत राहिले, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

"घे. नीट हाय का बग. काय वावगं वाटलं तर बदल."

'तुमच्या पोरात काय खोट नव्हती. आमच्या घरात राबाया माणूस पाहिजे होतं म्हणून मी लेक दिली नाही. तिला मी विचारलं पण नाही.'

रुपालीनं पेन हातात घेतलं. तिनं ती वाक्यं पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली... आणि एकही शब्द न बदलता कागदाची घडी घातली.