नवांची रांग

भाषण पाच मिनिटांत आटपायचं, अशी सूनबाईंनी सक्त ताकीद दिली होती. इंजिनिअरसाहेबांना पाच मिनिटं म्हणजे घसा खाकरायलाही कमी. पण संग्रहालयाची सगळी जबाबदारी सुनेवर होती, प्रदर्शन तिचं होतं, आणि घरी तिच्याच हातचा चहा प्यायचा होता, म्हणून त्यांनी मान डोलावली. खिशात मात्र त्यांनी काहीच लिहून आणलं नव्हतं. जे आयुष्यभर हातांनी केलं ते सांगायला कागद कशाला?

सकाळपासून ते लहान मुलासारखे हुरळले होते. येताना नदीवरच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून कठड्यावर थाप मारून आले. हा पूल त्यांचा. निवृत्त होण्याआधीचं शेवटचं काम.

"बाबा, रोज काय थाप मारायची त्याला?" सून हसून म्हणाली.

"अगं, बरा आहेस ना एवढंच विचारतो," साहेब म्हणाले.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि जुन्या मशीन तेलाचा वास आला. तो वास नाकात शिरताच त्यांच्या पाठीतला बाक निम्मा गेला. जुन्या लाखेला आणि कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून खिडक्यांना जाड पडदे ओढले होते आणि प्रत्येक काचपेटीत तेवढा एक मंद दिवा होता. बाहेर लख्ख दुपार, आत तिन्हीसांजा. पितळी दुर्बिणी, हस्तिदंती पट्ट्या सरकवायच्या गणनपट्ट्या, नकाशावरच्या तळ्याच्या काठाकाठाने सुई फिरवली की तळ्याचं क्षेत्रफळ सांगणारं ते दोन हातांचं उपकरण. साहेब पेटीपेटीपाशी थबकत होते, काचेला नाक लावत होते.

वर छतापासून आठ पोलादी सळ्यांनी टांगलेला सज्जा होता. मोठी, जड उपकरणं तिथे बारा पेट्यांमध्ये मांडली होती. भाषण झालं की फीत कापायची आणि सगळ्या पाहुण्यांनी जिना चढून वर जायचं, असा बेत. सज्जा एवढं वजन पेलेल का, हे साहेबांनीच काल इथे बसून मोजून दिलं होतं. तेही संगणकावर नाही, टेबलावरच्या जुन्या हातयंत्रावर. सुनेच्या ऑफिसातली मंडळी भोवती जमली होती, आणि साहेबांची टकळी आणि हँडल दोन्ही एकदम चालू होती.

तसलंच दुसरं यंत्र समोरच्या भिंतीशी, कुलूपबंद काचपेटीत होतं. ते पाहून मात्र साहेब काचेपाशी खिळले. हिरव्या रंगाचं, हँडलच्या मुठीपाशी रंग झिजलेलं. त्यांच्या जुन्या ऑफिसातून भंगारात जाता जाता वाचलेलं. ते ऑफिसात त्यांच्या मागच्या टेबलावर बसणाऱ्या ताळेबाईंचं यंत्र होतं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

टाळ्या झाल्या. साहेब उभे राहिले.

"मंडळी, सूनबाईंनी मला पाच मिनिटं दिलीयेत, त्यातलं अर्धं मिनिट तुमच्या टाळ्यांनी खाल्लं," असं त्यांनी सुरू केलं आणि हॉल हसला. "हे टेबलावरचं यंत्र बघा. याला वीज लागत नाही, फक्त मनगट लागतं. इथे हे खटके आहेत. एक खटका सातावर ओढला की आतल्या चकतीच्या कडेतून सात दात बाहेर येतात. आता हँडल एक फेरा पुढे फिरवलं, की ते सात दात खालच्या चाकाला सात घरं ढकलतात. झाली बेरीज. मागे फिरवलं की वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज. पण बाराने गुणायला बारा फेरे नाही मारायचे. एककाचे दोन फेरे मारायचे, मग हा खालचा गाडा एक घर सरकवायचा, आणि दशकाचा एकच फेरा. बारा झाले की नाही?"

पुढच्या रांगेतल्या अध्यक्षांनी मान डोलावली. साहेब आता रंगात आले होते.

"आणि ही घंटी. शून्यातून एक वजा करायला गेलात, तर बिचाऱ्या यंत्राला उसनं कुठून आणायचं कळत नाही. उत्तराचे आकडे दाखवणाऱ्या या सगळ्या खिडक्यांत नऊ, नऊ, नऊ... नवांची रांग लागते आणि घंटी वाजते. भागाकार आम्ही याच घंटीवर करायचो. मागे फिरवत राहायचं, घंटी वाजली की समजायचं एक फेरा जास्त झाला, तो परत द्यायचा आणि गाडा सरकवायचा."

मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"आमच्या ऑफिसात एकट्याचा हिशोब कधी धरत नसत. मी एका टेबलावर करायचो, माझ्या पाठीमागे दुसऱ्या टेबलावर एक बाई तोच हिशोब नव्याने करायच्या. आम्ही त्यांना ताळेबाई म्हणायचो. बोलणं फार कमी. मी माझं उत्तर मोठ्याने सांगायचं. जुळलं, तर बाई खिडक्या पुसायची मूठ फिरवायच्या. खर्र... सगळी शून्यं. पुढचं काम घ्या. नाही जुळलं, तर बाई चूक आहे असं म्हणायच्या नाहीत. यंत्र शून्यावर आणून, खटका एकावर ओढून, हँडल एक फेरा मागे. नवांची रांग, आणि टिंग. ती टिंग ऐकली की माझ्या अंगाला घाम फुटायचा. बाई माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाल्या, आणि नंतर ऑफिसने ती पद्धतच बंद केली."

सून मागून घड्याळ दाखवत होती. साहेबांनी घाईने शेवटाकडे वळण घेतलं.

"तर आता वर चला. अगदी निर्धास्त. चाळीस माणसं, बारा पेट्या, मी स्वतः या यंत्रावर मोजलंय. एका सळीला पाचशे किलोची मुभा आहे, आणि वाट्याला येतात फक्त चारशे एकोणीस."

टिंग.

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. लोकांना वाटलं, साहेबांनीच वाजवली. ते हसले, टाळ्याही वाजल्या. साहेबांचे दोन्ही हात मात्र टेबलाच्या कडेला होते.

त्यांनी समोर पाहिलं. कुलूपबंद पेटीतल्या हिरव्या यंत्राच्या खिडक्यांत, मंद दिव्याखाली, नवांची रांग लागली होती.

मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवावं तसं त्यांना झालं. आणि त्याच्या जोडीला, खरं सांगायचं तर, एक वेडा आनंदही उसळला. बाई... तुम्ही?

अध्यक्ष उठले होते. तबकात कात्री घेऊन सून जिन्याकडे निघाली होती, आणि सगळ्यांत आधी वर पाय तीच ठेवणार होती.

"थांब," साहेब म्हणाले. "सूनबाई, थांब जरा. कुणी वर जाऊ नका."

"बाबा, पाच मिनिटं झाली," ती जवळ येऊन कुजबुजली. "सगळे बघतायत."

"बघू देत. एक हिशोब राहिलाय."

त्यांनी खिडक्या पुसल्या आणि नव्याने मांडणी केली. या वेळी तोंड बंद ठेवलं. माणसं चाळीस, माणशी सत्तर किलो. गाडा दशकावर, चार फेरे. दोन हजार आठशे. गाडा परत. आता पेट्या, एकेक एकशे पंच्याऐंशी किलोची. एककाचे दोन फेरे. मग गाडा सरकवला, कट्.

ते कट् ऐकलं आणि त्यांचा हात तिथेच राहिला. काल पेट्यांच्या वेळी हा आवाज आलाच नव्हता. काल ते भोवतीच्या मंडळींना कसलातरी जुना किस्सा सांगत होते, आणि गाडा न सरकवताच त्यांनी तिसरा फेरा मारला होता. बारा पेट्यांऐवजी तीनच पेट्यांचं वजन धरलं गेलं. आधीच्या बेरजेवरच पुढचं चढवत गेल्यामुळे फेरे मोजणाऱ्या खिडकीतला आकडाही सरमिसळ झालेला, त्यामुळे तिकडे पाहायचं कारण पडलं नाही. मागच्या टेबलावर कुणी असतं तर ते तिथल्या तिथे सापडलं असतं.

त्यांनी दशकाचा फेरा मारला. पाच हजार वीस. खटक्यांवर आठ लावून, गाडा शतकावर नेऊन ते मागे फिरवू लागले. सहा फेरे गेले, सातव्याला घंटी. एक परत. कट्. दोन फेरे, तिसऱ्याला घंटी. एक परत. कट्. सात गेले, आठव्याला घंटी. एक परत.

"सहाशे सत्तावीस," साहेब म्हणाले. "वर काही. मुभा पाचशेची. माफ करा मंडळी. माझं चुकलं होतं."

खर्र...

पेटीतल्या हिरव्या यंत्राच्या खिडक्यांत एकापाठोपाठ एक शून्यं आली.

अध्यक्षांनी प्रसंग सावरला. फीत जिन्याऐवजी दारात कापली गेली, पाहुण्यांनी खालचीच उपकरणं पाहिली, आणि साहेबांनी जाणूनबुजून नाट्य घडवून पद्धत समजावली असं समजून चारचौघांनी त्यांची पाठही थोपटली. हॉल रिकामा झाल्यावर सुनेने त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

"पहिली मीच चढणार होते, बाबा."

"माहितेय गं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण ऐकलीस ना तू? त्या पेटीतली घंटी?"

ती पेटीकडे वळली. "त्या यंत्राला घंटीच नाहीये. आणलं तेव्हाच गळून पडली होती. माझ्या खणात आहे, दुरुस्तीला द्यायची म्हणून."

मग अध्यक्षांना नदीपलीकडे सोडून परत येते, तोवर बसा, असं म्हणून ती गेली. तिच्या मागोमाग इतरांच्याही गाड्या सुरू झाल्याचं ऐकू आलं.

साहेब हिरव्या यंत्रासमोर खुर्ची ओढून बसले. तेलाचा वास दाट झाल्यासारखा वाटत होता. त्यांना भीती वाटत नव्हती, निदान अजून तरी. इतक्या वर्षांनी पाठीमागचं टेबल भरलं होतं. बोलावं असं फार वाटलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही गेल्यावर सगळं मी एकट्यानेच केलं. तो नदीवरचा पूलसुद्धा. कुणी ताळा घेतला नाही... तुम्ही बघाल का एकदा?"

क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेच्या आत हँडल हललं. एक फेरा. दुसरा. कट्. पुन्हा फेरे. हात दिसत नव्हता, पण फिरवायची ढब त्यांच्या ओळखीची होती, ना घाई ना विसावा. हिशोब लांबलचक होता. साहेबांना तो पानापानाने आठवत गेला, आणि एका जागी हँडल जरा थबकलं तसे ते खुर्चीतून अर्धे उठले.

त्यांनी चाचपडत फोन काढला आणि सुनेला लावला.

"कुठे आहेस?"

"पुलावरच, बाबा. अगदी मधोमध अडकलोय. आपलेच सगळे पाहुणे मागे-पुढे. ही गर्दी..."

"तू... तू असं कर, गाडीतून उतर. सगळ्यांना उतरव."

"का? काय झालं?" ती जरा थांबली. "बाबा, ती घंटी कसली वाजली आत्ता?"

हॉलमध्ये कसलीच घंटी वाजली नव्हती. साहेबांनी मान वर केली. हँडल थांबलं होतं, आणि खिडक्यांमध्ये डावीकडून उजवीकडे सगळे नऊ होते.